टेकू काढायचा असतो, जाळी आत राहते

अगं, तुझी थ्रीडी प्रिंटिंगच्या शब्दांची यादी वाचली. मेहनत दिसते आहे, पण आता मोकळेपणाने बोलते, रागावू नकोस. 'योज्य विनिर्माण', 'स्तर उच्चता', 'अंतर्भरण घनता', 'आधार संरचना'. कागदावर हे सगळं भारदस्त दिसतं. पण तुझ्या वर्गात बसणार आहेत दहावी-बारावी झालेली मुलं-मुली आणि उद्यमनगरात लेथवर दोन-चार वर्षं काढलेले काही दादा लोक. त्यांना 'स्तर उच्चता' हा 'लेयर हाइट'इतकाच परका. एक परका शब्द काढून दुसरा परका शब्द बसवायचा, तर मग मराठीत शिकवण्याची खटपट कशाला?

माझं म्हणणं इतकंच, की यादीतल्या सगळ्या शब्दांच्या मागे लागू नकोस. नोझल, बेड, मोटर, बेल्ट, रीळ हे शब्द वर्कशॉपमध्ये कधीचेच रुळलेले आहेत. लेथलाही बेड असतो आणि फवारणीच्या पंपालाही नोझल असतं. बेडला 'शय्या' म्हणालीस, तर पहिल्याच दिवशी वर्ग हसेल आणि महिनाभर हसत राहील. मराठी शब्द हवा तो जिथे विद्यार्थ्याला त्या शब्दावरून काहीतरी ठरवायचं असतं तिथे. किती द्यायचं, कुठे द्यायचं, काढायचं की ठेवायचं. तसे मोठे शब्द तीनच आहेत: लेयर हाइट, इनफिल आणि सपोर्ट. तिन्ही नीट लागले की बाकीचे त्यांच्यामागून येतात.

शब्द बरा की वाईट हे तपासायची माझी रीत साधी आहे. तो शब्द वापरून प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायचं. एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं आली आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर निघाली, तर दोष शब्दाचा.

लेयर हाइटच घे. 'लेयर'ला 'थर' म्हणायचं यात वाद नाही. सगळे 'थराची उंची' म्हणतात, कारण 'हाइट' म्हणजे उंची. आता वर्गाला विचार: "पन्नासाव्या थराची उंची किती?" एक जण म्हणेल ०.२ मिलिमीटर, दुसरा म्हणेल १० मिलिमीटर. दोघेही बरोबर. पहिल्याने त्या एका थराचं माप सांगितलं. दुसऱ्याने बेडपासून तो थर किती वर आहे ते सांगितलं, कारण ०.२ चे पन्नास थर म्हणजे १० मिलिमीटर. मराठीत 'उंची' म्हटली की आपण जमिनीपासूनच मोजतो. पत्र्याची, भाकरीची, कागदाची आपण जाडी सांगतो, उंची नाही. म्हणून 'थराची जाडी' म्हण. 'उंची' हा शब्द बेडपासूनच्या अंतरासाठी राखून ठेव. तो लवकरच लागतो.

कुठे लागतो सांगते. वस्तूच्या पोटात नट बसवायचा धडा तू घेशीलच, मुलांना तो फार आवडतो. एम-३ चा साधा नट २.४ मिलिमीटर जाड असतो. त्याच्यासाठी खळगा ठेवायचा, खळगा भरत आला की मशीन थांबवायचं, नट टाकायचा आणि पुढचे थर त्याच्यावरून चढवायचे. खळगा बरोबर २.४ ठेवला तर ०.२ च्या जाडीने तो बारा थरांचा होतो, पण नटाचा माथा जरा वर राहिला तर नोझल त्याला घासतं आणि नट उचलून नेतं. म्हणून खळगा २.६ चा, म्हणजे तेरा थरांचा ठेवायचा. आता मशीन कुठे थांबवायचं? कोणत्या उंचीवर, की कितव्या थरावर? इथे 'थराची उंची' हा शब्द वापरलास तर अर्धा वर्ग चुकीच्या जागी आकडा टाकेल. 'जाडी ०.२, थांबायची उंची १०' असं म्हटलंस की गोंधळ उरत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. क्युराने बनवलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखव. त्यात अशा ओळी दिसतात:

```
;LAYER:49
;TYPE:WALL-INNER
;TYPE:WALL-OUTER
;TYPE:FILL
;TYPE:SUPPORT
```

ही फाइल थर शून्यापासून मोजते, म्हणून `;LAYER:49` म्हणजे आपला पन्नासावा थर. हे आधीच सांगितलं नाहीस तर थर मोजून थांबवणारा प्रत्येक जण एका थराने चुकेल. आणि बघ, एका थराच्या आत भिंत, भरण, सपोर्ट हे वेगवेगळे तुकडे मशीन ओळीने कसे काढतं, तेही इथे उघड दिसतं. ही फाइल पाहिली की मुलांना कळतं, की हे शब्द पुस्तकाचे नाहीत, मशीनच्या हालचालींची ती नावं आहेत.

थराची जाडी किती ठेवायची हे सांगताना नोझलचं भोक समोर ठेव. आपलं नोझल ०.४ चं. थर त्याच्या साधारण पाव ते ऐंशी टक्के जाडीचा चालतो, म्हणजे ०.१ पासून ०.३२ पर्यंत. त्याहून जाड थर मागितला तर गरम प्लास्टिक खालच्या थरावर दाबलं जात नाही, नुसतं वर येऊन पडतं, आणि वस्तू नखाने सोलता येते. 'जाड म्हणजे मजबूत' हा आपला रोजचा समज इथे उलटतो. तेव्हा 'जाडी' शब्द वापरतानाच हे सांगून टाक, नाहीतर एखादा दादा मजबुतीसाठी ०.४ टाकून मोकळा होईल.

आता तू विचारशील, की भिंतीलाही जाडीच म्हणतात, मग दोन जाड्या झाल्या की! झाल्याच. थराची जाडी उभी मोजतात, भिंतीची आडवी. यावर मला एक तोड सापडली. भिंत किती जाड असं विचारूच नये, किती पदरी असं विचारावं. रस्ता दुपदरी असतो, चौपदरी असतो, तशी भिंत दुपदरी किंवा तिपदरी. नोझल प्रत्येक थरात वस्तूच्या कडेने जितक्या रेघा ओढतं तितके पदर. रेघ ०.४ रुंद असेल तर दुपदरी भिंत ०.८ ची. याचा एक आडफायदाही आहे. क्युरात याच गोष्टीला `Wall Line Count` म्हणतात आणि प्रुसास्लायसरमध्ये `Perimeters`. इंग्रजीतच एका वस्तूला दोन नावं आहेत. 'पदर' शब्द डोक्यात बसलेलं पोर दोन्ही स्क्रीनवर तीच गोष्ट शोधून काढतं.

आता इनफिल. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तू 'अंतर्भरण' लिहिलं आहेस, कुणी 'भराव' म्हणतं. 'भराव' ऐकायला छान आहे, अगदी घरातला शब्द. पण आपल्याकडे भराव म्हणजे मुरूम टाकून ठासलेला. तो पोकळ नसतो. आणि टक्केवारी त्याला जोडली की आणखी गंमत होते. "भराव वीस टक्के" ऐकल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? टाकीत पाणी वीस टक्के आहे, म्हणजे तळाशी थोडंसं. मुलांना वाटतं वस्तू खालून वीस टक्के भरीव आणि वर रिकामी. खरं तर ती वस्तू तळापासून माथ्यापर्यंत सगळीकडे सारखी विरळ असते. आत एक जाळी विणलेली असते. म्हणून मी 'जाळी' म्हणते. `Infill Density` म्हणजे जाळीची दाटी आणि `Infill Pattern` म्हणजे जाळीची वीण. चौकटीची वीण, त्रिकोणी वीण, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वीण, जायरॉइडची लाटांची वीण. "दाटी वीस टक्के" म्हटलं की टाकीचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही. शंभर टक्क्यांना मात्र जाळी म्हणू नकोस, तिथे सरळ 'भरीव' म्हण, आणि शून्याला 'पोकळ'.

पण शब्द बदलून काम पुरं होत नाही. दाटी वीस टक्के म्हणजे वजनही भरीव वस्तूच्या वीस टक्के, हा दुसरा समज मागे उभाच असतो. तो वजनकाट्यावर मोडायचा. ग्रॅमचे दोन दशांश दाखवणारा छोटा काटा मिळतो, तो वर्गात ठेवच. वीस मिलिमीटरचा ठोकळा घे, पीएलएमध्ये. भरीव असता तर आठ घनसेंटिमीटर, पीएलएची घनता १.२४, म्हणजे जवळपास १० ग्रॅम. मुलं वीस टक्क्यांचा हिशेब करून २ ग्रॅम म्हणतील. फळ्यावर लिहून ठेव, पुसू नकोस.

मग ठोकळा काढ. दुपदरी भिंत ०.८ ची, आणि खाली तळ, वर छत, प्रत्येकी ०.२ चे चार थर, म्हणजे तेही ०.८. काट्यावर ठेवलास की पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरेल. दोन का नाही? कारण दाटीचा आकडा फक्त आतल्या जागेला लागतो. सगळ्या बाजूंनी ०.८ वजा केलं की आत १८.४ मिलिमीटरचा ठोकळा उरतो, म्हणजे सुमारे ६.२३ घनसेंटिमीटर. बाहेरचं कवच १.७७ चं, ते भरीवच आहे. आतल्या ६.२३ चे वीस टक्के म्हणजे सव्वाच्या जरा आत. दोन्ही मिळून तीन घनसेंटिमीटर, गुणिले १.२४, झाले ३.७ ग्रॅम. म्हणजे भरीव ठोकळ्याच्या अडतीस टक्के. लगेच दुसरा ठोकळा चाळीस टक्के दाटीचा काढ. दुप्पट दाटी, पण वजन जातं ५.३ ग्रॅमपर्यंत, साडेसातपर्यंत नाही. हा हिशेब एकदा त्यांनी स्वतः वहीत मांडला की वस्तूचं वजन आणि खर्च कवचात किती आहे आणि जाळीत किती, हे पाठ करावं लागत नाही. हुक, पकड, कंस अशा वाकवल्या जाणाऱ्या वस्तूला जाळीची दाटी वाढवत बसण्यापेक्षा भिंतीला एक पदर वाढवलेला जास्त कामाला येतो, तेही इथेच सांगून घे.

जाळी फारच विरळ ठेवली तर बिघाड आधी छतावर दिसतो. छताच्या रेघा जाळीच्या दोन तारांमधल्या रिकाम्या जागेवरून ओढल्या जातात, त्या खाली वाकतात आणि माथ्यावर खळगे किंवा भोकं पडतात. मुलं लगेच म्हणतील, छताला 'आधार' नव्हता. आणि इथेच तुझ्या यादीतली 'आधार संरचना' गाळात जाते. कारण आतली जाळी छताला आधारच देत असते की! मग 'आधार' म्हणजे जाळी की सपोर्ट? वर "आधार लावला का?" विचारलंस की मागच्या बाकावरून "कार्ड घरी राहिलं, मॅडम" असं उत्तर येईल ते वेगळंच.

सपोर्टसाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, टेकू. गावातल्या प्रत्येक पोराने स्लॅबचं सेंट्रिंग पाहिलेलं असतं. स्लॅब ओतायच्या आधी खाली बांबूचे नाहीतर लोखंडी टेकू उभे राहतात, काँक्रीट धरलं की टेकू काढले जातात, आणि घरात माणसं राहायला येतात तेव्हा त्यांचा मागमूसही नसतो. सपोर्टचं काम अगदी असंच आहे. वस्तू पुरी होईपर्यंत खालून झेलायचं आणि नंतर काढून टाकायचं. जाळी आत राहते, टेकू काढायचा असतो. हा फरक पहिल्याच तासाला सांग. सेंट्रिंगमधली आणखी एक गोष्ट इथे चालते. टेकू आणि स्लॅब एकमेकांना चिकटले तर कसं चालेल? म्हणून टेकूचा माथा आणि वस्तूचं पोट यांच्यात एक बारीक फट ठेवावी लागते. साधारण एका थराची, ०.२ ची. फट शून्य ठेवली तर दोन्ही एकाच प्लास्टिकचे असल्यामुळे वितळून एक होतात, पक्कड लावली तरी निघत नाहीत आणि निघाले तर वस्तूचा तुकडा घेऊन निघतात. फट जास्त झाली तर टेकू सहज सुटतो, पण वस्तूचं पोट लोंबून खडबडीत होतं. "टेकू निघत नाही" आणि "पोट खडबडीत आलं" या दोन तक्रारी एकाच आकड्याच्या दोन बाजू आहेत, हे वस्तू हातात घेऊनच दाखव.

टेकू कुठे लागतो, हे शिकवायला इंग्रजी पुस्तकांत वाय, एच आणि टी ही अक्षरं उभी करून दाखवतात. तू आपली अक्षरं घे, धडा त्यांच्यात जास्त चांगला दडलेला आहे. आपली अक्षरं शिरोरेखेला वरून लटकलेली असतात आणि मशीन मात्र खालून वर चढतं. म्हणजे अडचण आयतीच तयार! तीस मिलिमीटर उंचीचा 'ग' उभा ठेव. बेडला टेकलेला असतो फक्त काना. डावीकडचा आकडा शिरोरेखेतून खाली येतो आणि अर्ध्या वाटेवरच संपतो. नोझल जेव्हा त्या आकड्याच्या खालच्या टोकाच्या उंचीला पोचतं तेव्हा ते हवेतच रेघ ओढायला लागतं. खाली काहीच नाही. त्या जागी शेवयांचा गुंता तयार होतो. याला 'अधांतरी' म्हण. हा शब्द पोरांना लगेच कळतो, आणि अधांतरी भागाला टेकू द्यावाच लागतो, त्यात चर्चा नाही.

'प' उभा केलास तर दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. त्याच्या पोटाची आडवी रेघ कान्यातून बाहेर निघते, तिचं एक टोक धरलेलं आणि दुसरं मोकळं. हा छज्जा. त्यालाही टेकू हवा. पण वर शिरोरेखा दोन खांबांवर पडते, डावीकडची उभी रेघ आणि उजवीकडचा काना. हा झाला पूल. सेंटिमीटरभराचा पूल पंखा नीट चालू असेल तर मशीन टेकूशिवाय ओढून नेतं, रेघ ताणून धरली जाते आणि हवेतच थंड होते. अधांतर, छज्जा आणि पूल हे तीन शब्द तुझ्या यादीतल्या 'प्रलंबी भाग' या एका शब्दापेक्षा कामाचे, कारण प्रत्येकाचा निर्णय वेगळा आहे.

मग 'ग' उलटा करून दाखव, शिरोरेखा बेडवर आणि काना वर. आता बैठक रुंद झाली, आकडा शिरोरेखेतून वर उगवतो, आणि अधांतर नाहीसं झालं. तिसऱ्यांदा तोच 'ग' आडवा झोपवून काढ. टेकूची गरजच नाही. पण उभ्या 'ग'चा काना हाताने मोड आणि झोपवलेल्याचा मोडायला सांग. उभा थरांच्या सांध्यात कट्कन तुटतो, झोपवलेला हाताला दाद देत नाही. टेकू लावायचा की वस्तू फिरवायची, हा प्रश्न मुलांनी टेकूचं बटण दाबण्याआधी स्वतःला विचारायला शिकलं पाहिजे.

आता कोन. इथे तुला नीट लक्ष घालावं लागेल, कारण घोळ मराठीचा नाही, सॉफ्टवेअरचाच आहे. सगळे सांगतात, पंचेचाळीस अंशांपर्यंत टेकू लागत नाही. का ते आधी बघ. थर ०.२ चा असेल आणि भिंत पंचेचाळीस अंशांत कलली असेल तर प्रत्येक नवा थर खालच्यापेक्षा ०.२ बाहेर सरकतो. रेघ ०.४ रुंद आहे, म्हणजे निम्मी रेघ अजून खालच्यावर बसलेली आहे. चालतं. तीच भिंत उभ्या रेषेपासून साठ अंश कलली तर थर जवळजवळ ०.३५ बाहेर जातो, खालच्यावर जेमतेम ०.०५ उरतो. रेघ कडेने गळते, भिंतीच्या पोटाला लोंबत्या दोऱ्यांची झालर येते. पण थर ०.१ चा केलास तर त्याच साठ अंशांत तो फक्त ०.१७ सरकतो आणि निम्म्याहून जास्त रेघ टेकलेली राहते. म्हणजे पंचेचाळीस हा काही देवाने दिलेला आकडा नाही, थराच्या जाडीबरोबर तो हलतो. आपले पहिल्या दिवशीचे आणि शेवटच्या दिवशीचे शब्द इथे एकमेकांना भेटतात, म्हणून हा हिशेब फळ्यावर करच.

घोळ असा आहे. क्युरात `Support Overhang Angle` उभ्या रेषेपासून मोजतात. तिथे ० टाकलं तर जरासुद्धा कललेल्या सगळ्याला टेकू, ९० टाकलं तर कशालाच नाही. प्रुसास्लायसरमध्ये `Overhang threshold` बेडपासून मोजतात. तिथे ९० म्हणजे सरळ उभी भिंत, आणि आकडा वाढवला की टेकू वाढतात. ० टाकलं तर ते स्वतःच ठरवतं. पंचेचाळीसला दोन्ही एकाच जागी येतात, त्यामुळे पंचेचाळीसवर शिकवलं की फरक झाकला जातो. ज्या दिवशी कुणीतरी टेकू कमी करायला साठ टाकेल, त्या दिवशी क्युरात टेकू खरंच कमी होतील आणि प्रुसात वाढतील. म्हणून 'कोन' हा एकटा शब्द वापरूच नकोस. क्युराच्या आकड्याला 'ओळंब्यापासून झुकाव' म्हण आणि प्रुसाच्या आकड्याला 'बेडपासून चढ'. ओळंबा गवंड्याच्या पोरांना माहीत असतो, आणि ज्यांना नसतो त्यांना दोऱ्याला नट बांधून दोन सेकंदांत दाखवता येतो. झुकाव वाढला की अवघड, चढ वाढला की सोपं. दोन्ही शब्द ऐकतानाच दिशा कळते.

एका ठिकाणी मात्र हा 'टेकू' तुला सोडावा लागेल. आपला कोर्स तार वितळवून थर देणाऱ्या मशीनचा आहे. आयएसओ/एएसटीएम ५२९०० या परिभाषेच्या मानकात थर देऊन वस्तू घडवण्याच्या पद्धतींची सात घराणी आहेत, त्यातलं हे एक, मटेरियल एक्स्ट्रूजन. शेवटच्या आठवड्यात तू रेझिनचं मशीन दाखवणार असशील तर लक्षात ठेव, छोट्या टेबलावरच्या रेझिन मशीनमध्ये वस्तू वरच्या पाटीला उलटी लटकलेली असते. तिथला सपोर्ट खालून झेलत नाही, वरून धरून ठेवतो, कारण प्रत्येक थर टाकीच्या तळावरच्या पारदर्शक पडद्यापासून ओढून सोडवावा लागतो. धातूच्या पावडरीवर लेझर चालवतात तिथे सपोर्ट वस्तूला खाली पाटीशी जखडतो, तापून वाकू देत नाही आणि उष्णताही खाली नेतो. आणि नायलॉनच्या पावडरीत सहसा सपोर्ट लागतच नाही, आजूबाजूची न वितळलेली पावडरच वस्तूला धरून असते. रेझिन आणि धातूच्या मशीनला 'टेकू' म्हटलंस तर मुलं कामाची दिशाच उलटी समजतील. तिथे सरळ 'सपोर्ट' म्हण आणि तो काय करतो ते एका वाक्यात सांग.

'योज्य विनिर्माण'चं म्हणशील तर कोर्सच्या नावात ते असलं तर असू दे, फळ्यावर नको. "लेथवर आपण माल कातून वस्तू काढतो, इथे थर चढवून काढतो" एवढं म्हटलं की दादा लोक माना डोलावतात. आणि संगणकावरच्या आकृतीला 'साचा' म्हणू नकोस हं, कोल्हापुरात तर अजिबात नको. इथे फाउंड्रीवाल्यांची पोरं असणार, त्यांच्यासाठी साचा म्हणजे ज्यात लोखंड ओततात तो. 'मॉडेल' पुरे.

परीक्षेत आणि नोकरीत इंग्रजी शब्दच समोर येणार, ही तुझी काळजी रास्त आहे. म्हणून भिंतीवर एक तक्ता लाव. डावीकडे स्क्रीनवर दिसतं तसं इंग्रजी नाव, क्युराचं आणि प्रुसाचं शेजारीशेजारी, मध्ये आपला शब्द, आणि उजवीकडे तारेने बांधलेली वस्तूच: थराच्या तीन जाड्यांचे तुकडे, अर्धवट थांबवून आतली जाळी उघडी ठेवलेले ठोकळे, एक टेकूसकट 'ग' आणि एक टेकू काढलेला. स्पेलिंग पाठ करायला सांग, ते टाळू नकोस. पण वर्गात बोलायचं, एकमेकांना समजवायचं, बिघाड सांगायचा तो मधल्या रकान्यातून.

उरलेल्या शब्दांत 'ब्रिम'ला 'काठ' म्हणून बघ, साडीच्या काठासारखा वस्तूच्या पायाभोवती पसरतो. 'राफ्ट' सध्या राफ्टच राहू दे, 'तराफा' ऐकून कुणाला काही सुचेल असं मला वाटत नाही. तक्ता झाला की फोटो पाठव, आणि पहिल्या तासाला 'प'च्या पुलाचं काय झालं तेही कळव.